पासवर्ड नको, ओटीपी नको: क्लायंटकडे डोमेनचा ॲक्सेस मागायचा कसा?

एपिसोड ऐकता ऐकता घाटात ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिहून देतेय. बोलताना ज्या ओळी वाचून दाखवणं अवघड होतं, त्या इथे कॉपी करता येतील अशा टाकल्यात. डोमेनचं खरं नाव मात्र दिलेलं नाही. त्याच्या जागी सगळीकडे `example.com` असं समजा.

मी मोखाड्यात बसून वेबसाइट आणि ईमेलची कामं करते. आजची गोष्ट जव्हारच्या एका क्लायंटची आहे. त्यांचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे. मी त्यांना दादा म्हणते, इथेही तेच म्हणू. पावसाळा लागला की दाभोसा धबधबा बघायला मुंबई-नाशिककडून माणसं येतात आणि दादांचं वर्षाचं गणित त्या तीन-चार महिन्यांवर चालतं.

झालं काय, नाशिकच्या एका कुटुंबाने दादांच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. दादांनी मेल पाठवला की शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरा, नाहीतर खोली सोडावी लागेल. तो मेल त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडला. त्यांना वाटलं, फॉर्म भरला म्हणजे बुकिंग झालं. शनिवारी भर पावसात लहान पोरांना घेऊन ते दारात उभे, आणि खोली दुसऱ्याला दिलेली! दादांनी आपल्या घरातली खोली रिकामी करून त्यांना झोपायला दिली. पण त्या रात्री मला फोन आला, "ताई, माझे मेल लोकांपर्यंत जातच नाहीत बघ."

मी तपासलं. मेल खरा आहे हे सांगणाऱ्या नोंदी त्यांच्या डोमेनवर अर्धवटच होत्या. काम तासाभराचं होतं. पण त्यासाठी त्यांच्या डोमेनमध्ये शिरायला हवं. म्हणून मी घाईघाईत व्हॉट्सॲपवर लिहिलं:

"दादा, डोमेनचा आयडी-पासवर्ड पाठवा. लॉगिन करताना ओटीपी येईल, तोही लगेच सांगा. अर्जंट आहे."

दोन दिवस उत्तर नाही. नंतर फोन आला तेव्हा दादा म्हणाले, "बँकवाले रोज ओरडून सांगतात ओटीपी कुणाला देऊ नका, आणि तू नेमका तोच मागतेस. माझी तर खात्रीच पटली की तुझा फोन कुणीतरी हॅक केलाय."

आता सांगा, चूक कुणाची? माझीच. फसवणारा माणूस जसा लिहितो, अगदी तसाच मेसेज मी लिहिला होता. घाई होती, पासवर्ड होता, ओटीपी होता, आणि कशासाठी ते कुठेच नव्हतं. म्हणून आज आपण तोच मेसेज नीट लिहू. पण त्याआधी मागायचं नेमकं काय आणि कुणाकडे, हे कळायला हवं.

दोन वेगळी कुलपं

डोमेनच्या बाबतीत दोन जागा असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली जागा म्हणजे रजिस्ट्रार, जिथून नाव विकत घेतलं आणि जिथे दरवर्षी पैसे भरून ते चालू ठेवलं जातं. याला तुम्ही जमिनीचा सातबारा समजा. इथे ज्याचा हात पोहोचतो, तो अख्खं डोमेन दुसरीकडे नेऊ शकतो.

दुसरी जागा म्हणजे डीएनएस. ही गावच्या फाट्यावरची पाटी. वेबसाइट या रस्त्याला, मेल त्या रस्त्याला, असं ती जगाला सांगते. आपल्याला जे काम करायचंय, ते या पाटीवर दोन-तीन ओळी लिहिण्याचं आहे. त्यासाठी सातबारा हातात घ्यायची गरज नसते.

मग रजिस्ट्रारचं नाव निघतंच कशाला? कारण पाटी कुठे लावलीय हे रजिस्ट्रारकडे ठरतं. तिथे नेमसर्व्हर नावाच्या नोंदी असतात. कधी त्या रजिस्ट्रारच्याच असतात, कधी होस्टिंगवाल्याच्या, तर कधी तिसऱ्याच कंपनीच्या. नेमसर्व्हर होस्टिंगकडे असताना तुम्ही रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये कितीही ओळी भरा, जगाला त्या दिसणारच नाहीत. हा घोळ फार जण करतात, आणि "रेकॉर्ड टाकलं पण चालत नाही" म्हणत दिवस घालवतात.

गंमत म्हणजे हे शोधायला कुणाची परवानगी लागत नाही, कारण ही माहिती उघडीच असते. लॅपटॉप असेल तर टर्मिनलमध्ये हे टाका:

```
dig NS example.com +short
dig TXT example.com +short
```

फोनवर असाल तर ब्राउझरमध्ये गूगल ॲडमिन टूलबॉक्सचं `Dig` हे पान उघडा, डोमेन लिहा आणि `NS` किंवा `TXT` वर टॅप करा. पहिल्या ओळीने पाटी कुणाकडे आहे ते कळतं, दुसरीने आज तिच्यावर काय लिहिलंय ते.

दादांच्या डोमेनचे नेमसर्व्हर होस्टिंगचे निघाले. म्हणजे मला रजिस्ट्रारच्या लॉगिनची गरजच नव्हती! मी सातबारा मागत होते आणि काम पाटीवरचं होतं. आधी दोन मिनिटं तपासलं असतं तर तो पहिला मेसेज लिहिलाच नसता.

पाटीवर लिहायचं काय?

तीन नोंदी. थोडक्यात सांगते, कारण मेसेजमध्ये क्लायंटलाही हेच सांगायचंय.

एसपीएफ म्हणजे यादी: माझ्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे. डीकिम म्हणजे शिक्का. मेल निघताना पाठवणारी सेवा त्यावर डिजिटल सही करते, आणि ती सही तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. डीमार्क म्हणजे सूचना: पाठवणाऱ्याच्या नावाशी यादी किंवा शिक्का यातलं काहीच जुळलं नाही, तर त्या मेलचं काय करायचं, आणि त्याचा हिशोब मला कुठे कळवायचा.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला यादी किंवा शिक्का यातलं निदान एक तरी असण्याची अट घातली. दिवसाला 5000 किंवा त्याहून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. दादा पाच हजार काय, दिवसाला पन्नासही मेल पाठवत नाहीत. पण तिन्ही केलेलं बरं, नाहीतर उद्या त्यांच्या नावाने दुसराच कुणी "ॲडव्हान्स भरा" म्हणून मेल पाठवेल.

आता तो मेसेज

दुसऱ्यांदा मी असं लिहिलं. हवं तर कॉपी करा, तुमच्या कामाप्रमाणे बदला:

"नमस्कार दादा. परवाच्या मेसेजमध्ये मी पासवर्ड आणि ओटीपी मागितला, ती माझी चूक होती. ते मला देऊ नका, दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

काम असं आहे. तुमचे मेल स्पॅममध्ये जातात, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते तुमच्याकडूनच आले हे सांगणाऱ्या नोंदी डोमेनवर अपुऱ्या आहेत. मला एक जुनी ओळ दुरुस्त करायची आहे आणि दोन नव्या ओळी टाकायच्या आहेत. तिन्ही टीएक्सटी प्रकारच्या आहेत. तुमची वेबसाइट, मेल जिथे येतात त्या एमएक्स नोंदी, आणि नेमसर्व्हर यांना मी हात लावणार नाही.

तुमचं डीएनएस होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आहे, हे मी बाहेरून तपासलंय. त्यामुळे मला फक्त तिथला ॲक्सेस हवा. यातलं जे सोपं वाटेल ते करा:

एक, पॅनेलमध्ये दुसरा युजर जोडायची सोय असेल तर माझा ईमेल टाकून मला फक्त डीएनएस बदलायची परवानगी द्या.

दोन, तशी सोय नसेल तर आपण व्हिडिओ कॉलवर बसू. लॉगिन तुम्ही करा, स्क्रीन दाखवा, मी सांगेन तसं पेस्ट करा. अर्धा तास लागेल.

तीन, पॅनेल दुसऱ्याच माणसाकडे असेल तर त्याला पाठवायचा मजकूर मी तयार करून देते.

रजिस्ट्रारचं लॉगिन मला नको. तिथे तुम्हीच एकदा जाऊन तीन गोष्टी बघा: मालक म्हणून तुमचं नाव आहे का, ईमेल तुमचा चालू असलेलाच आहे का, आणि मुदत कधी संपते. डोमेन दुसरीकडे न्यायचा ऑथ कोड कुणी मागितला, अगदी मी मागितला तरी, देऊ नका. या कामाला तो लागत नाही.

काम झालं की मी काय बदललं ते लिहून देईन, आणि तीन आठवड्यांनी तुम्ही माझा ॲक्सेस काढून टाका. हा मेसेज माझाच आहे याची खात्री करायला माझ्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. घाई नाही, शुक्रवारपर्यंत सांगितलं तरी चालेल."

बघा, मेसेज लांब झाला. पण प्रत्येक वाक्य एका प्रश्नाचं उत्तर आहे. कशासाठी, किती, काय मोडू शकतं, परत कधी देणार, आणि तू खरी कशावरून? तुमच्या मेसेजमध्ये शब्द कमी केले तरी चालतील, पण ही पाच उत्तरं ठेवा.

दादांचा दहा मिनिटांत फोन आला. रजिस्ट्रारकडे बघितल्यावर त्यांना कळलं की मालक म्हणून ज्या मुलाने पहिली वेबसाइट बनवली होती त्याचं नाव आहे, आणि ईमेलही त्याचाच. तो मुलगा भला निघाला, फोन केल्यावर त्याने लगेच बदलून दिलं. पण तो परगावी गेला असता, नंबर बदलला असता, तर मुदत संपायची सूचना दादांपर्यंत कधी आलीच नसती. मेल दुरुस्त करायला गेलो आणि सातबाराच दुसऱ्याच्या नावावर निघाला!

कॉलवर बसलो तेव्हा

पॅनेलमध्ये वेगळा युजर जोडायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दुसरा पर्याय घेतला. पहिलं काम: आहे त्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट. काही बिघडलं तर परत जायला रस्ता हवा.

एसपीएफची एक जुनी ओळ आधीच होती, होस्टिंगने आपोआप टाकलेली:

```
v=spf1 +a +mx +ip4:203.0.113.25 ~all
```

दादांचे मेल मात्र गूगल वर्कस्पेसवरून जातात, आणि गूगलचं नाव या यादीत नव्हतंच. इथे मोह काय होतो, तर गूगलने दिलेली ओळ खाली नवीन म्हणून टाकायची. तसं करू नका. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन झाल्या तर तपासणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि निकाल `permerror` येतो. म्हणजे आधी होतं तेही गेलं. त्यामुळे जुनीच ओळ दुरुस्त केली:

```
v=spf1 a include:_spf.google.com ~all
```

`a` ठेवला, कारण वेबसाइटचा फॉर्म होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल पाठवतो असा माझा अंदाज होता. हा अंदाज लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

डीकिमची किल्ली दादांनी स्वतः वर्कस्पेसच्या ॲडमिन पानावरून तयार केली. किल्ली म्हटल्यावर ते दचकले. पण डीएनएसमध्ये जाते ती सार्वजनिक किल्ली असते, जगाला दिसण्यासाठीच. सही करणारी गुप्त किल्ली गूगलकडेच राहते. नोंदीचं नाव `google._domainkey`. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. काही पॅनेल नावाच्या पुढे डोमेन आपोआप जोडतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर शेवटी `example.com.example.com` असं होऊन बसतं. आणि 2048 बिटची किल्ली लांब असते. टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात 255 अक्षरंच मावतात, म्हणून काही पॅनेल ती अर्धवट कापतात. सेव्ह केल्यावर शेवटची अक्षरं जुळतायत का, ते बघाच. नोंद दिसायला लागली की ॲडमिन पानावर सही सुरू करायचं बटण दाबायचं राहतं. तेही पुष्कळ जण विसरतात.

शेवटची ओळ डीमार्कची, `_dmarc` या नावाने:

```
v=DMARC1; p=none; rua=mailto:dmarc@example.com
```

`p=none` म्हणजे काही अडवू नका, फक्त हिशोब पाठवा. दादा म्हणाले, "मग उपयोग काय? थेट बंदच करून टाक ना खोटे मेल." मी म्हटलं, आधी खरे कोणते ते तर कळू दे.

हिशोबात सापडलेला चोर

`rua` मध्ये दिलेल्या पत्त्यावर जीमेलसारख्या सेवांकडून साधारण रोज एक फाइल येते. त्यात कुठल्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने किती मेल आले, आणि डीकिम-एसपीएफ जुळलं का, एवढंच असतं. मेलमधला मजकूर नसतो.

आठवड्याने आम्ही त्या फाइली उघडल्या. गूगलवरून गेलेले सगळे पास. पण `203.0.113.25` या पत्त्यावरून गेलेले नापास! हा कुणी चोर नव्हता. तो दादांच्याच वेबसाइटचा सर्व्हर होता. पाहुण्याने फॉर्म भरला की "तुमची विनंती मिळाली" असा मेल तिथून जायचा.

पण एसपीएफमध्ये `a` होता ना? होता. तरी नापास का? कारण एसपीएफ पाहुण्याला दिसणारा पत्ता तपासत नाही. तो लिफाफ्यामागचा परतीचा पत्ता तपासतो. वेबसाइट मेल पाठवताना त्या लिफाफ्यावर होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव टाकत होती. आत नाव दादांचं, लिफाफ्यावर दुसऱ्याचं. डीमार्कला दोन्ही जुळायला हवी असतात. आणि डीकिमची सही तिथे नव्हतीच, कारण ती गूगलकडून गेलेल्या मेलवरच होते.

आता विचार करा. दादांचं ऐकून पहिल्याच दिवशी `p=reject` लावलं असतं, तर ऐन जुलैत फॉर्म भरणाऱ्या पाहुण्यांना जाणारे मेल जीमेलने दारातूनच परत पाठवले असते. स्पॅममध्येसुद्धा पडले नसते. आपणच आपल्या दाराला बाहेरून कडी लावली असती.

उपाय सोपा होता. वेबसाइटचा फॉर्म आता दादांच्या वर्कस्पेस खात्यातून, `smtp.gmail.com` वरून मेल पाठवतो. म्हणजे लिफाफाही त्यांचा, सहीही त्यांची. मग एसपीएफमधला `a` काढून टाकला. तो ठेवण्यात धोकाच होता, कारण स्वस्त होस्टिंगवर त्याच सर्व्हरवर इतर वेबसाइटही असतात, आणि त्या सगळ्यांना आपण परवानगी देऊन बसतो.

आणखी दोन आठवडे हिशोब स्वच्छ आला, तेव्हा `p=none` चं `p=quarantine` केलं. म्हणजे जुळलं नाही तर स्पॅममध्ये टाका.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर क्लायंटला तुमच्या जीमेलवर एक मेल पाठवायला सांगा, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तो उघडा आणि तीन टिंबांमधून `Show original` निवडा. वरच असं दिसायला हवं:

```
SPF:   PASS
DKIM:  PASS
DMARC: PASS
```

तीन पास म्हणजे मेल इनबॉक्समध्ये जाणारच, असं मात्र नाही हां. या नोंदी मेल कुणाकडून आला एवढंच सिद्ध करतात. मेल चांगला आहे की नाही, ते त्या ठरवत नाहीत. दादा न विचारता हजार जणांना ऑफर पाठवायला लागले, आणि लोकांनी स्पॅम म्हणून दाबलं, तर हे तीन पास काही वाचवणार नाहीत. हेही मी त्यांना लिहून दिलं.

शेवटी मी त्यांना एक पानाचा मेल पाठवला: कोणत्या तीन ओळी, आधी काय होतं, आता काय आहे, तारीख काय. व्हिडिओ कॉलवर काम झाल्यामुळे माझा ॲक्सेस काढायचा प्रश्नच आला नाही, कारण मला तो कधी मिळालाच नव्हता. तो मेल गेल्यावर दोन मिनिटांत दादांचा व्हॉट्सॲप आला, "इनबॉक्समध्येच आला गं. पण खात्री करायला फोन करतो, थांब."

आणि केलाच त्यांनी फोन.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.